रीनाचे निवेदन आणि गुरुजींचे जोडे

सिहोऱ्याच्या पंचक्रोशीत ज्याला कुणाला कोठे अर्ज करावयाचा असे, त्याची पावले आपसूक लिलाधर पटले गुरुजींच्या ओसरीकडे वळत. गुरुजींनी तीन तपे इंग्रजी आणि संस्कृत शिकविले, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर या अर्जलेखनाचे व्रत निरपेक्ष बुद्धीने स्वीकारले. परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा अर्ज असो, पोलीसभरतीचा असो वा पतसंस्थेतील शिपायाचा असो, त्याचा प्रारंभ एकाच वाक्याने होई: ‘बालपणापासूनच दीनजनांच्या सेवेची ज्योत माझ्या अंतःकरणात अखंड तेवत आहे.’ शेजारच्या श्रावणने एसटीच्या चालकपदासाठी अर्ज केला, तेव्हा त्याच्याही अंतःकरणात ती तेवली. त्याला नोकरी मिळाली. ती ज्योतीमुळे मिळाली की जड वाहनाच्या परवान्यामुळे, याची चिकित्सा कुणी केली नाही. गुरुजींना तर ती अनावश्यकच वाटली.

म्हणून त्यांची नात रीना त्या वर्षी जुलैत इंग्लंडहून आली आणि डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी एक निवेदन लिहावयाचे आहे असे म्हणाली, तेव्हा गुरुजींच्या मुद्रेवर जे तेज पसरले ते आपल्या घरी लग्न निघालेल्या आचाऱ्याच्या मुद्रेवरच शोभावे. रीना आठ वर्षांची असताना तिचा बाप भूपेंद्र नोकरीनिमित्त तिकडे गेला होता. आता ती सतराची होती; परंतु सुट्टीगणिक सिहोऱ्यास येत असल्यामुळे तिच्या जिभेवरची भंडाऱ्याकडची झाडीबोली काही पुसली गेली नव्हती.

तिने आजोबांना सारे समजावून सांगितले. तिकडे वैद्यकीय महाविद्यालये चार निवडता येतात, पण निवेदन एकच. तेच चौघांकडे जाते. त्यात तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची: हा अभ्यासक्रम का हवा, शिक्षणाने तुझी कोणती पूर्वतयारी झाली, आणि शाळेबाहेर तू आणखी काय केलेस. गुण वेगळे, प्रवेशपरीक्षा वेगळी. परंतु हे निवेदन कोठे निवडीच्या वेळी वाचतात, तर कोठे मुलाखतीत त्यावरूनच खोदून विचारतात. ऑक्टोबरच्या मध्याला अर्जाची मुदत संपते. आणि तिन्ही उत्तरे मिळून चार हजार अक्षरांच्या आत बसली पाहिजेत. त्यांत दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागाही मोजतात.

या शेवटच्या कलमाने गुरुजी व्यथित झाले. “रिकाम्या जागा मोजतेत? हा तं निव्वळ कद्रूपना झाला,” ते म्हणाले, आणि लेखणी घेऊन बसले.

दोन दिवसांत निवेदन सिद्ध झाले. त्यात ज्योत होती, करुणेचा सागर होता, आर्तांच्या अश्रूंची मुक्ताफळे होती आणि आरंभी एक संस्कृत सुभाषित होते. रीनाने प्रेमापोटी त्याचे इंग्रजी केले, नियमात बसेना म्हणून सुभाषित गाळले, आणि आपल्या तिकडच्या मार्गदर्शक शिक्षिकेला ईमेलने पाठविले. उत्तर चौथ्या दिवशी आले. ते रीनाने वाचले, पुन्हा वाचले, आणि मग ओसरीवर येऊन आजोबांना, जमेल तितके मऊ करून, मराठीत सांगितले. बाईंचे म्हणणे असे होते की, पहिली गोष्ट म्हणजे ही भाषा तुझी नाही. निवेदन अर्जदाराच्याच शब्दांत असले पाहिजे, आणि दुसऱ्याचे लेखन पकडण्याची तेथे व्यवस्था आहे. दुसरी गोष्ट अशी, की यावरून तू दयाळू आहेस एवढे समजले. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टर काय करत असतो, हे तुला ठाऊक आहे असे यातल्या एकाही ओळीवरून दिसत नाही.

“काय करते म्हंजे?” गुरुजी म्हणाले. “लोकायची मदत करते.”

“मदत तं नर्सबी करते, आबाजी. शिक्षकबी करते. मंग मी डॉक्टरच काहून व्हाव, हे त्यायले पायजे.”

आतून शकुंतलाबाईंचा, म्हणजे गुरुजींच्या अर्धांगिनीचा, स्वर आला. त्या तांदूळ निवडीत होत्या. “मदत तं आपला श्रावनबी करते. हात दाखवला का गाडी थांबवते.”

गुरुजींनी या हस्तक्षेपाकडे दुर्लक्ष केले. परंतु बाण लागावयाचा तेथे लागला होता. आयुष्यभर ज्या वाक्याने चालक, शिपाई आणि परिचारिका यांना सारख्याच वत्सलतेने कुशीत घेतले, ते वाक्य एवढे सर्वसमावेशक असणे हाच त्याचा दोष ठरावा, हा विचार त्यांना नवा होता. त्या रात्री ते थोडे कमी जेवले.

सकाळी त्यांनी निर्णय जाहीर केला. डॉक्टर मंगळवारी काय करतो हे पाहावयाचे असेल तर मंगळवारी डॉक्टरकडेच जावे. गावातील दवाखाना डॉक्टर अश्वजित यांचा होता आणि अश्वजित हा गुरुजींचाच विद्यार्थी. त्याने बारावीनंतर प्रवेशपरीक्षेच्या बळावर वैद्यक शिकून याच गावात पाटी लावली होती. गुरुजी दवाखान्यात पाऊल टाकीत, तेव्हा डॉक्टर खुर्चीवरून उठून त्यांच्या पायांना हात लावीत, मग हात धुवीत आणि मग रक्तदाब मोजीत. हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला होता. बाकावरचे रुग्णही तो मोठ्या श्रद्धेने पाहत आणि खोळंबा झाला तरी कुरकुरत नसत.

डॉक्टरांनी रीनाला आनंदाने होकार दिला. अटी मात्र स्पष्ट सांगितल्या. कोपऱ्यातील स्टुलावर बसायचे. प्रत्येक रुग्णाला मी आधी विचारीन. तो नको म्हणाला तर बाहेर जायचे. काही हाताळायचे नाही. आणि येथे ऐकलेले कुणाच्या नावानिशी बाहेर जाणार नाही, घरीसुद्धा नाही. शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांनी गुरुजींकडे का पाहिले, ते गुरुजींना उमगले नाही.

मग रीना रोज सकाळी दवाखान्यात जाऊ लागली आणि गुरुजी दुपारी ओसरीवर तिची वाट पाहू लागले. आज कुणाचे प्राण वाचविले, असे ते विचारीत. कुणाचेच नाही, असे ती म्हणे. रोवणीचे दिवस, बायका दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून भात लावीत. त्यांची दुखरी कंबर, बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, आणि ताप. मग पुन्हा कंबर, पुन्हा चिखल्या. डॉक्टर तेच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत, आणि पहिल्यांदाच विचारीत असल्यासारखे विचारीत. एकाला सलाईन हवे होते. ते का नको हे सांगण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात ते लावून झाले असते. एका तापाच्या रुग्णाला तपासून त्यांनी सरळ सांगितले, की हा ताप कशाचा आहे ते मला आज नक्की म्हणता येत नाही. रक्त तपासू, उद्या या, आणि मधेच धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर उद्याची वाट पाहू नका. मग त्यांनी ते सारे लिहून ठेवले. मग भंडाऱ्याला पाठवायच्या दुसऱ्या एका रुग्णासाठी फोन केला, आणि पलीकडून कुणी उचलीपर्यंत खांद्याशी फोन धरून तिसऱ्याची चिठ्ठी पूर्ण केली.

“डॉक्टरले नाई समजल?” गुरुजींना धक्का बसला. “अन् त्यान तस सांगतलन?”

“हो. अन् तो मानूस नाराज नाई झाला, आबाजी. कवा परत याव ते त्याले पक्क समजल ना.”

हे सारे रीनाने लिहून काढले आणि मार्गदर्शक बाईंना पाठविले. उत्तर पूर्वीपेक्षा उबदार आले, पण संपले मात्र तेथेच: तू काय पाहिलेस ते आता दिसते. त्याने तुझा कोणता समज बदलला, ते अजून दिसत नाही. पाहिलेल्या गोष्टींची यादी कुणीही करील. एकच गोष्ट घे आणि तिच्यावर थांब.

ती गोष्ट काही सापडेना. रीनाच्या परतीचा दिवस जवळ येत होता. ती ओसरीवर बसून लिही, खोडी आणि अक्षरे मोजी. गुरुजींना तिची ही धडपड पाहवत नसे. आपली लेखणी तिच्या उपयोगी नाही, हे तर त्याहून सहन होत नसे.

अशातच गुरुजींच्या रक्तदाबाच्या तपासणीचा मंगळवार उजाडला.

आता येथे गुरुजींचे एक गुपित सांगितले पाहिजे. डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी घ्यावयाची एक गोळी दिली होती. ती गुरुजी तपासणीला जाण्याच्या सकाळी न चुकता घेत. इतर सकाळी घेत नसत. शाळेत इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी वर्गातले फळे पुसावेत, तसा हा प्रकार होता. त्या मंगळवारी त्यांनी फडताळातून औषधाची कोरी पट्टी काढली, पहिली गोळी फोडून पाण्याबरोबर घेतली, आणि वळून पाहतात तो दारात रीना उभी. तिने पट्टीकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले, आणि पुढे चला एवढेच म्हणाली. गुरुजी चपला अडकवून निघाले. त्यांचे तपकिरी जोडे, जे निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिले होते, कोनाड्यात तसेच राहिले. मागून शकुंतलाबाई म्हणाल्या, “जोडे रुसले का जी तुमचे?” गुरुजींनी ऐकले नाही असे दाखविले.

दवाखान्यात नेहमीचा विधी झाला. डॉक्टरांनी पायांना हात लावला, आणि या खेपेस तो हात पायांवर नेहमीपेक्षा क्षणभर अधिक रेंगाळला. हात धुऊन झाल्यावर त्यांनी विचारले, नातीला बाहेर थांबायला सांगू का? गुरुजींनी ती सूचना उदारपणे फेटाळली. आदर्श रुग्ण कसा असतो, तेही तिला पाहू द्या, असे ते म्हणाले.

रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टरांनी पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी वाढलेलाच. त्यांनी मागच्या नोंदी चाळल्या. गेल्या खेपेसही असेच होते. गोळी रोज घेता ना, असे त्यांनी गेल्या खेपेस विचारले होते, आणि गुरुजींनी ‘नियमाने’ असे उत्तर दिले होते. तेही तेथे लिहिलेले होते.

गुरुजींची दृष्टी कोपऱ्याकडे गेली. रीना खाली जमिनीकडे पाहत होती. आता ही बोलणार, असे त्यांना वाटले. भर वर्गात आपल्याच नातीने आपला गृहपाठ उघडा पाडावा, आणि तोही ज्याचे गृहपाठ आपण तपासले त्याच्यासमोर! ती बोलली नाही. डॉक्टरांनी लेखणी उचलली. दुसरी गोळी वाढवून द्यावी असे कागद सांगतात, एवढे ते म्हणाले, आणि लिहिता लिहिता थांबले. लेखणी खाली ठेवून त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

“गुरुजी, रोजची गोळी सगळ्यांचीच सुटते. माझ्या आईला मी स्वतः देतो, तरी तिची सुटते. गेल्या आठवड्यात तुमच्या अंदाजे किती सुटल्या असतील?”

गुरुजी उत्तर द्यावयास सिद्ध होते. पण त्यांच्या ध्यानात आले, की या प्रश्नाला ‘नियमाने’ हे उत्तर लागूच पडत नाही. घेता की नाही, असे विचारले असते तर हो म्हणता आले असते. येथे तर सुटणे आधीच मान्य करून टाकले होते. उरली होती ती केवळ संख्या. शिवाय डॉक्टरांच्या मुद्रेवर ना संशय होता ना उपदेश. आपण आयुष्यभर ‘अभ्यास केलास का’ असे विचारीत आलो आणि वर्गभर होकारच ऐकत आलो, हे गुरुजींना तेथे, त्या खुर्चीवर, प्रथम जाणवले.

“सहा,” ते म्हणाले. मग प्रामाणिकपणाच्या अनपेक्षित लाटेत पुढे म्हणाले, “सातवी आज घेतली.”

“काही त्रास होत होता का गोळीने?”

गुरुजींनी दीर्घ निःश्वास सोडला आणि चपलेतला उजवा पाय पुढे केला. घोट्याशी तो फुगलेला होता. गोळी सुरू झाल्यापासून संध्याकाळी पाय सुजू लागले. मग जोडे चढेनासे झाले. जोडे चढत नाहीत म्हणजे काय, हे डॉक्टरांनीच ओळखावे, असा त्यांचा आविर्भाव होता. पंधरा ऑगस्टला शाळेत ध्वजवंदनाला माजी मुख्याध्यापकांची खुर्ची पहिल्या रांगेत असते. तेथे चपला घालून कसे बसावे? म्हणून त्यांनी गोळी सोडली, सूज थोडी उतरली, आणि ही क्षुल्लक गोष्ट विद्यार्थ्याला सांगणे गुरूला शोभेना.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पाय अंगठ्याने दाबून पाहिले, छाती तपासली, धाप लागते का, रात्री उशाला किती उश्या घेता, असे विचारले. सूज या गोळीने येऊ शकते, असे सांगून त्यांनी ती बदलून दुसऱ्या प्रकारची दिली. आधी मूत्रपिंडासाठी आणि क्षारांसाठी रक्ताची तपासणी लिहिली, आणि नवी गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी तीच पुन्हा करायची म्हणून सांगितले. आणि म्हणाले, “मी दुसरी गोळी वाढवली असती आणि तुम्ही दोन्ही एकदम घ्यायला लागला असता, तर चक्कर येऊन पडला असता. बरे झाले, सांगितलेत.”

 परतताना बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर येताच गुरुजी थांबले.

“तू काहून नाई सांगतलीस वो? पायल तं होतस ना.”

“मी पाहाले गेली होती, आबाजी. सांगाच तं तुमीच सांगाव अस वाटल. पन डॉक्टर काका दुसरी गोळी लिहूनच देतेत अस दिसल असत, तं म्या म्हटल असत, आबाजी, तुमाले काई सांगाच आहे का? मंग तुमी कितीबी रागवा.”

गुरुजींनी पाण्याकडे पाहिले. रागावलो असतो हे खरेच होते.

त्या दुपारी रीना लिहावयास बसली आणि या वेळी खोडणे थांबले. संध्याकाळी ती कागद घेऊन आजोबांसमोर आली, पण तो तिने वाचला नाही; पाठीमागे धरला. एका रुग्णाविषयी लिहिले आहे, असे ती म्हणाली. नाव नाही, गाव नाही, नाते नाही. तरी त्या रुग्णाची परवानगी हवी. तो नाही म्हणाला तर हा कागद फाडायचा आणि दुसरे काही शोधायचे.

परतीचा दिवस डोक्यावर होता आणि दुसरे काही नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. गुरुजींनी चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी इतरांविषयी उदात्त वाक्ये रचली. त्यांच्याविषयी कुणी लिहिलेले हे पहिलेच, आणि त्यात ते सुजलेल्या पायांचे, खोटे बोलणारे गृहस्थ म्हणून साता समुद्रांपार जाणार होते.

“वाच,” ते म्हणाले.

तिने मराठी करीत वाचले. मी समजत होते की डॉक्टराचे काम म्हणजे योग्य औषध ठाऊक असणे. एका तपासणीत मी पाहिले, की कागदानुसार योग्य असलेले औषध त्या माणसासाठी चूक ठरले असते. कारण खरी माहिती खोलीत असूनही कुणी बोलत नव्हते. डॉक्टरांनी प्रश्न असा बदलला, की खरे बोलण्यात रुग्णाचा अपमान राहिला नाही. त्या रुग्णाला मदत करण्याची इच्छा मलाही होती. पण मी तसा प्रश्न विचारू शकले नसते. तो विचारणे, उत्तर ऐकल्यावर घाईने गोळी बदलण्याआधी सूज दुसऱ्या कशाची नाही ना ते पाहणे, आणि हे सारे लिहून पुन्हा तपासणे, हे दर सकाळी, थकल्यावरही, करावे लागते. ते शिकावयास मला आवडेल, असे आता मला वाटते. आधी मला ते माहीतच नव्हते.

 सुपातले तांदूळ आत बराच वेळ हलले नव्हते.

गुरुजींनी कागद हाती घेतला. सवयीने त्यांचा हात लेखणीकडे गेला. एक विशेषण तरी घालावे, असे बोटांना वाटले असावे. हात परत आला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “पन नुसता ‘एक रुग्ण’ काहून? ‘एक विद्वान रुग्ण’ लिहिलस तं काय बिघडते?”

“ओळख पटते, आबाजी.”

“सिहोऱ्यात तं लगेच पटन,” आतून शकुंतलाबाई म्हणाल्या. “दुसरा कोन आहे?”

हे कौतुक की टोमणा, याचा निर्णय गुरुजींनी स्वतःच्या बाजूने केला आणि परवानगी दिली.

पंधरा ऑगस्टपर्यंत सूज पुरती उतरली. गुरुजी तपकिरी जोडे घालून पहिल्या रांगेत बसले, आणि एक पाय दुसऱ्यावर टाकून तो सर्वांना दिसेल असा ठेवला. रीना तोवर परतली होती. पुढे ऑक्टोबरात तिने निवेदन पाठविले आणि हिवाळ्यात दोन महाविद्यालयांची मुलाखतीची बोलावणी आली. बाकी दोघांनी नकार कळविला. त्यांना साहित्याची जाण नाही, असे गुरुजींचे मत पडले.

मुलाखतीच्या सरावासाठी तिने व्हिडिओवर फोन केला. गुरुजींनी कोट चढविला, घसा साफ केला, आणि परीक्षकाच्या गांभीर्याने विचारले, की तुला डॉक्टर का व्हावयाचे आहे? रीनाने उत्तर दिले. दुसरा प्रश्न होता, की रुग्ण तुझे ऐकत नसेल तर तू काय करशील?

रीना पडद्यावर थोडी पुढे सरकली. “ते सांगते, आबाजी. पन आधी सांगा, थंडीत सकाळची गोळी सगळ्यायचीच सुटते. या आठवड्यात किती सुटल्या?”

गुरुजींनी आतल्या बाजूस पाहिले. शकुंतलाबाई या वेळी काहीच बोलल्या नाहीत.

“एक,” परीक्षक म्हणाले. “सोमवारची.”